थेंब धरताना

लातूरमधल्या माझ्या स्टुडिओत दोन शटरं आहेत. एक गाळ्याचं, पत्र्याचं, ओढताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं, दुसरं कॅमेऱ्यातलं. दुधाचा उडालेला थेंब टिपायचा असेल तर पहिलं शटर दुसऱ्यापेक्षा जास्त कामाचं असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मी लग्नातल्या नाचाचे फोटो काढावेत तसा शटर स्पीड वाढवत बसायचो आणि फोटोत दुधाऐवजी खडूची पुसट रेघ यायची. हे पुस्तक त्या चुकीतून निघालं आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

पळीभर दूध फूटभर उंचीवरून, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरवरून, ग्लासात सोडलं तर खाली पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर होतो. कॅमेऱ्यावर १/२०० लावलेलं असेल तर शटर उघडं असेपर्यंत तो थेंब जवळजवळ १२ मिलिमीटर सरकतो. थेंब स्वतः चार-पाच मिलिमीटरचा! मग फोटोत थेंब कुठून येणार? लांबट रेघच येणार. आता कोणीही म्हणेल, शटर १/४००० करा. केलं, तर सरकणं अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर येतं. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून जातं. दहा फुटी फ्लेक्सवर नाही. शिवाय त्यात आणखी एक गोम आहे. कॅमेऱ्याचे पडदे १/४००० ला सगळी चौकट एकदम उघडत नाहीत. मध्ये एक अरुंद फट ठेवून ते वरून खाली सरकतात आणि त्या प्रवासालाच सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. चौकटीच्या वरच्या भागातला थेंब आणि खालच्या भागातला थेंब एकाच क्षणाचे नसतात. मधल्या वेळात पडणारं दूध सेंटिमीटरभर खाली गेलेलं असतं. मोबाइलमध्ये, किंवा कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावल्यावर, हा फरक बहुधा याहून वाढतो आणि धार उगाच ताणलेली किंवा दबलेली दिसते.

‘हाय स्पीड सिंक’ हा शब्द आमच्याकडे असाच फसवतो. फ्लॅशवर ती खूण दिसली की वाटतं, आता फ्लॅशही वेगवान झाला. प्रत्यक्षात त्या वेळी फ्लॅश बारीक बारीक ठिणग्यांची रांग लावून फटीचा सगळा प्रवास उजळत राहतो. म्हणजे थेंब थांबवण्याचं काम पुन्हा फटीवरच येऊन पडतं, वर उजेडही कमी होतो.

खरा शब्द आहे ‘फ्लॅश ड्युरेशन’, फ्लॅश किती वेळ पेटलेला राहतो तो काळ. कॅमेऱ्यावर लावायचे साधे छोटे फ्लॅश पूर्ण ताकदीवर सेकंदाच्या काहीशेव्या भागापर्यंत रेंगाळतात. तोच फ्लॅश १/३२ ताकदीवर आणला की साधारण पंधरा-वीस हजाराव्या भागात विझतो, कारण तो मंद पेटत नाही, पेटून लवकर तोडला जातो. खोली पूर्ण अंधारी असेल तर शटर १/२०० वर उघडं राहिलं तरी हरकत नाही. दिसतं तेवढंच, जेवढं त्या लखलखाटात दिसलं. आपला १२ मिलिमीटर सरकणारा थेंब आता मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच सरकतो. म्हणून मी आधी गाळ्याचं शटर ओढतो, खालच्या फटीला जुनी सतरंजी लावतो आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढतो. तो ठार काळा आला पाहिजे. त्यात ग्लासाची कड जरी दिसली तरी थेंबामागे भुतासारखी पुसट सावली येणार, हे नक्की.

स्टुडिओत भिंतीला लावायच्या मोठ्या लाइटचं गणित मात्र बऱ्याचदा उलटं असतं. कमी किमतीच्या अनेक जुन्या लाइटमध्ये ताकद कमी केली की पेटण्याचा काळ वाढतो. नांदेडच्या एका मित्राने नवाकोरा मोठा लाइट आणून महिनाभर डोकं आपटलं. शेवटी लग्नाच्या बॅगेतला छोटा फ्लॅश काढला आणि पहिल्याच दिवशी त्याला थेंब मिळाला.

ताकद १/३२ केली की उजेड पुरत नाही, ही पुढची अडचण. ग्लास जवळून टिपायचा असतो, समोरचे-मागचे थेंब दोन्ही धारदार हवे असतात, म्हणून छिद्र एफ ११ पर्यंत लहान करावं लागतं. उजेड आणखी घटतो. मग हात आपोआप फ्लॅशची ताकद वाढवायला जातो, पेटण्याचा काळ लांबतो आणि थेंब पुन्हा पुसट होतो. या चक्रातून निघायला एकच हिशेब लागतो. १/८ ताकदीवरचा एक फ्लॅश जेवढा उजेड देतो, तेवढाच १/३२ वरचे चार फ्लॅश मिळून देतात. पण चौघेही लवकर विझतात. लातूर-नांदेडात एका फोटोग्राफरकडे चार सारखे फ्लॅश सहसा नसतात, चौघांकडे मिळून असतात. लग्नाच्या तिथी नसल्या की ते जमवता येतात. चारही एकाच ताकदीवर ठेवायचे. एक जास्त ठेवला तर थेंबाची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते, रंगही दोन बाजूंना किंचित वेगळा दिसतो.

हे सगळं काही आज शोधलेलं नाही. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत दुधाचे आणि पाऱ्याचे थेंब अंधाऱ्या खोलीत पाडून विजेच्या ठिणगीत पाहिले. ठिणगी एकदाच पडायची. डोळ्यांवर जे उमटेल ते ते कागदावर काढायचे, मग पुढच्या थेंबाला ठिणगी थोडी उशिरा पाडायची. अशी चित्रं जोडत जोडत त्यांनी थेंब आपटण्यापासून उसळीचा मुकुट उठून खाली बसेपर्यंतची सगळी गोष्ट लावली. चित्रातले मुकुट सुबक, चहूबाजूंनी सारखे. पुढे १८९४ च्या सुमारास त्याच ठिणगीत फोटो काढणं जमलं, तेव्हा मुकुट वाकडे निघाले. एखादं टोक लांब, एखादं आखूड, कुठे टोकच नाही. डोळा इतकी वर्षं सारखेपणा स्वतःच भरत होता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. १९०८ मध्ये त्यांचं ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक आलं. या विषयात शिरणाऱ्याने दुसरं काही पाहिलं नाही तरी चालेल, पण त्यातले फोटो पाहावेत.

त्यानंतर अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला या कामाला जुंपलं. त्यांचा दुधाचा मुकुट १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागला, आणि लाल पार्श्वभूमीवरचा, वर एक थेंब लटकलेला रंगीत फोटो १९५७ चा. आज कुठल्याही पाकिटावर दुधाचा मुकुट दिसतो, त्याचे आजोबा हेच.

यातून ढोबळ मानाने तीन घराणी निघाली. पहिलं थेंबवाल्यांचं: इलेक्ट्रॉनिक झडपेतून मोजून थेंब सोडायचे, एकावर दुसरा आदळवायचा, हजारो फोटोंतून एक निवडायचा. दुसरं जाहिरातवाल्यांचं: मुंबईतले मोठे सेट, सेकंदाला हजार किंवा जास्त फ्रेम घेणारे कॅमेरे, धारेबरोबर फिरणारे यंत्रहात. तिसरं जोडकामवाल्यांचं: धार एका फोटोतली, उसळी दुसऱ्यातली, ग्लास तिसऱ्यातला, आता तर कधी कधी सगळंच संगणकावर घडवलेलं. आमच्यासारखे जिल्ह्याच्या गावातले लोक तिघांच्या बांधावर बसलेले असतात. पहिल्यांचा अंधार घ्यायचा, दुसऱ्यांचं गिऱ्हाईक, आणि तिसऱ्यांची कात्री, पण जपून.

जपून का, ते सांगायला एका डेअरीच्या पोस्टरचं काम सांगतो. मालकांना हवं होतं ते चित्र सोपं होतं: निळ्या पार्श्वभूमीवर भरलेला ग्लास, वरून पडणारी धार, आणि दूध उसळून बाहेर आलेलं. मी पहिल्या दिवशी समोरून मोठी सॉफ्टबॉक्स लावली. ग्लासात पांढरा चुना भरल्यासारखा दिसत होता. धार आणि उसळी सपाट, गोलाई कुठेच नाही. पाणी किंवा रस यांच्यातून उजेड आरपार जातो, दुधात तो विखरून परत येतो. समोरून जेवढा टाकाल तेवढा सगळा भाग सारखाच उजळतो. दुधाला आकार येतो तो बाजूने आणि मागून आलेल्या उजेडाने, आणि समोर मुद्दाम ठेवलेल्या थोड्या सावलीने. दुसऱ्या दिवशी दोन फ्लॅश मागच्या दोन कोपऱ्यांत बटर पेपरच्या पडद्याआड ठेवले, तिसरा डावीकडून, चौथा निळ्या कागदावर. सगळे १/३२ वर, ट्रान्सपरंट पिशव्यांत गुंडाळलेले, कारण दूध जिथे जाऊ नये तिथेच आधी जातं. शटर १/२००, एफ ११, आयएसओ ४००. सर्वांत उजळ दूध पूर्ण पांढऱ्याच्या थोडं आत राहील एवढाच उजेड ठेवला; दूध एकदा सपाट पांढरं झालं की त्यातली घडी नंतर कशानेही परत येत नाही. फोकससाठी ग्लासाच्या काठावर आडवी पेन्सिल ठेवली, तिच्यावरच्या अक्षरांवर हाताने फोकस लावला आणि पेन्सिल उचलून घेतली.

फोटो मालकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सर, हे दूध कमी अन् पाणीच जास्त दिसायलंय की वो.”

त्यांचं बरोबर होतं. मी पाकिटातलं पातळ दूध वापरलं होतं. पातळ दूध आपटलं की बारीक तुषार होऊन विखुरतं. घट्ट दूध आधी पातळ पत्र्यासारखं पसरतं, त्याच्या कडेला बोटं फुटतात आणि बोटांच्या टोकांना थेंब सुटतात. ज्याने आयुष्यभर दूध मापलं आहे त्याला हा फरक फॅट न लावताही कळतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः म्हशीचं दूध पाठवलं. ते फडक्यातून दोनदा गाळलं, कारण सायीचा एक कण ग्लासाला चिकटला की पुढचे सगळे फोटो त्याच्यासकट येतात. त्यात लिटरला दोन चमचे दूध भुकटी विरघळवून अर्धा तास ठेवलं. थंड दूध जास्त घट्ट वागतं, पण ग्लासाला बाहेरून घाम फुटतो. म्हणून दूध गार आणि ग्लास खोलीतला, आणि प्रत्येक वेळी नवा पुसलेला ग्लास, असं ठरवलं. रंगाचीही एक खोच होती. आमच्याकडच्या देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या दुधात पिवळसर झाक असते, म्हशीचं दूध पांढरंशुभ्र. गाईच्या दुधाचा फोटो निळसर पांढरा केला तर गावातला माणूस ते गाईचं दूध मानतच नाही. इथे म्हशीचंच होतं, म्हणून निभावलं.

धार आणि उसळी एकाच ओतण्यात मिळत नाहीत, हे त्या दिवशी पक्कं झालं. उंचावरून धार धरली की ती हवा ओढून आत नेते आणि ग्लासभर फुगे होतात. मुकुट काही उठत नाही. धारेसाठी तांब्याची चोच काठापासून चार बोटं वर ठेवायची. उसळीसाठी मात्र एकदम घाव लागतो: पळीभर दूध ३० सेंटिमीटरवरून एका झटक्यात सोडायचं. आता वेळ कशी साधायची? ३० सेंटिमीटर पडायला सेकंदाचा पाव भाग लागतो. दूध आपटलेलं बघून बटण दाबलं, तर डोळ्याकडून बोटाकडे निरोप पोचायलाच पाचवा भाग जातो, वर कॅमेऱ्याचा स्वतःचा उशीर. तोवर मुकुट बसून गेलेला असतो, कारण तो सेकंदाचे दोन-तीन शतांशच टिकतो. म्हणून आपटण्याकडे बघायचंच नाही. पळी कलली की दाबायचं. डोळ्याचा आणि कॅमेऱ्याचा उशीर मिळून जवळपास तेवढाच पाव सेकंद होतो. पळी आणि बटण एकाच माणसाकडे असलं तर हात लवकर बसतो. आम्ही दीडशेच्या आसपास फोटो काढले, सहा उपयोगाचे निघाले, आणि पोस्टरमध्ये दोन गेले: धार एकातली, उसळी दुसऱ्यातली. दोन्हींत कॅमेरा, ग्लासाची जागा आणि चारही फ्लॅश बोटभरही हलले नव्हते, म्हणून सांधा दिसला नाही.

संगणकावर साफसफाई करताना मात्र हात आवरावा लागला. मागच्या कागदावरचे शिंतोडे काढले, काठावरचे फुगे काढले, ग्लासावरचे पांढरे ठिपके काढले. हे ठिपके आमच्या बोअरच्या जड पाण्याचे. आता शेवटचं धुणं जारच्या पाण्याने करतो आणि हे काम वाचतं. मग मोह झाला की मुकुटाची उजवीकडची आखूड बोटं डावीकडच्यासारखी लांब करावीत. केली. चित्र लगेच खोटं वाटायला लागलं, आणि का, ते सांगता येईना. वर्दिंग्टन यांच्या वाकड्या मुकुटांचं महत्त्व मला तेव्हा कळलं. आज मी कोणाचाही उसळीचा फोटो पाहताना काही गोष्टी तपासतो. मोठे थेंब मुकुटाजवळ आणि बारीक लांब आहेत का? सुटलेला थेंब गोल आहे का, की चित्रातल्या अश्रूसारखा टोकदार? टोक फक्त तुटण्याच्या क्षणी असतं, नंतर थेंब गोल होतो. एकच थेंब दोन ठिकाणी चिकटवलेला आहे का? चमक सगळ्या थेंबांवर एकाच बाजूला आहे का? आणि ग्लासातल्या दुधाची पातळी: उसळी तिरकी यावी म्हणून ग्लास तिरका ठेवून फोटो नंतर सरळ करतात, तेव्हा ती पातळी चुगली करते.

दूध सांडण्याबद्दल एक गोष्ट राहून गेली. १९४८ मध्ये फिलिप हाल्समन यांनी चित्रकार दाली यांचा तो प्रसिद्ध फोटो काढला, हवेत फेकलेली मांजरं आणि फेकलेलं पाणी असलेला. मूळ कल्पना दूध फेकण्याची होती. युद्धानंतरच्या दिवसांत लोक दूध वाया घालवल्याचं बोलतील म्हणून पाणी घेतलं. ते जमेपर्यंत २८ वेळा फेकावं लागलं. आमच्यावर तर पाण्याचीच ती वेळ आली. लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती एप्रिल २०१६ मध्ये. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात इथे पाणी फेकून फोटो काढायची कोणाची छाती नव्हती, माझीही नाही. तेव्हापासून खाली स्वच्छ परात असते, दूध गाळून पुन्हा वापरलं जातं, आणि त्यात पांढरा रंग किंवा गोंद मी घालत नाही, जो जुन्या जाहिरात स्टुडिओत सर्रास घालत. गोंदाचं दूध वासराला पाजता येत नाही.

रसाबद्दल पुस्तकात वेगळा भाग आहे, कारण उसाचा रस दुधाच्या सगळ्या सवयी उलट्या करतो. उजेड मागून आरपार हवा, म्हणून ग्लासाच्या मागे ग्लासाच्याच आकाराचा कापलेला पांढरा कागद लपवून ठेवावा लागतो. खरा त्रास फेसाचा. चरकातून निघालेल्या रसावर दोन बोटं फेस असतो. तो बसू द्यावा तर रस हवेने काळवंडायला लागतो, आणि काळा रस बघून कोणी रसवंतीत शिरत नाही. लिंबू आणि आलं उसाबरोबरच चरकात घातलं तर रंग थोडा जास्त टिकतो. बर्फ आत न घालता भांडं बर्फात ठेवायचं, फेस चमच्याने काढायचा, आणि सगळी मांडणी आधी पाण्याने पक्की करून रस शेवटी आणायचा. तरीही थोडा फेस मी राहू देतो. औशाच्या रस्त्यावरच्या रसवंतीवाल्या मामांनी माझा पहिला स्वच्छ, बिनफेसाचा फोटो बघून विचारलं होतं, “हे काय, बाटलीतलंय का?”

हे पुस्तक लग्नाच्या बॅगेत जे असतं तेवढ्यावर लिहिलं आहे: एक कॅमेरा, दोन ते चार छोटे फ्लॅश, बटर पेपर, परात, पळी. यंत्रहात आणि संगणकी दूध यांची फक्त ओळख आहे, कारण ती मी स्वतः हाताळलेली नाहीत. प्रत्येक फोटोखाली फ्लॅशची ताकद आणि अंतर दिलं आहे. शटरचा आकडा सगळीकडे १/२०० च असल्याने तो पुन्हा पुन्हा दिलेला नाही. फसलेले फोटोही ठेवले आहेत, ते काढून टाका असं प्रकाशकांनी दोनदा सुचवलं होतं. मुखपृष्ठावरच्या मुकुटाचं उजवं बोट आखूड आहे. ते तसंच आहे.

लातूर, गुढीपाडवा